खो-खोचे मैदान आखताना: २४ मीटरची मध्यपाटी आणि आठ आडव्या पाट्यांचा हिशेब

खो-खोचे मैदान कागदावर पाहिले की सोपे वाटते, कारण त्यात गोलाई नाही, कमान नाही, फक्त सरळ रेषा आणि काटकोन आहेत. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र ह्याच सरळ रेषा सर्वांत जास्त फसवतात. आडव्या पाट्यांच्या सोळा रेषा एकापाठोपाठ मोजत गेलेला माणूस शेवटच्या खांबापाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या हातात दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक असते आणि ती कुठे शिरली हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ह्या लेखात मापांची यादी देण्यापेक्षा ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बिंदूपासून घ्यायची, ह्याकडे मी अधिक लक्ष दिले आहे. येथे घेतलेले मैदान खुल्या गटाचे, मातीवरचे, २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असे आहे. लहान वयोगटाचे मैदान आणि मॅटवरच्या व्यावसायिक लीगचे मैदान ह्यांची मापे वेगळी असतात, त्यामुळे त्या सामन्यांसाठी खालचे आकडे वापरू नयेत.

मापे आणि त्यांची बेरीज

मैदानाच्या २७ मीटर लांबीत दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचे मुक्त क्षेत्र असते. उरलेले २४ मीटर म्हणजे एका खांबरेषेपासून दुसऱ्या खांबरेषेपर्यंतचे अंतर, आणि तीच मध्यपाटीची लांबी होय. मध्यपाटीची रुंदी ३० सेंटिमीटर असते. तिला काटकोनात छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या मैदानाच्या पूर्ण रुंदीभर, म्हणजे १६ मीटर, जातात आणि प्रत्येकीची रुंदी ३५ सेंटिमीटर असते. खांबरेषेपासून पहिल्या आडव्या पाटीपर्यंत २.५५ मीटर आणि लगतच्या दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर अंतर ठेवतात. मैदानाच्या चारही बाजूंना दीड मीटरची मोकळी जागा लागते. म्हणजे निवडलेली जागा किमान ३० मीटर बाय १९ मीटर सपाट आणि अडथळ्याविना असली पाहिजे.

सुतळीला हात लावण्यापूर्वी ह्या आकड्यांची बेरीज एकदा स्वतः करून पाहावी. दोन टोकांचे २.५५ मिळून ५.१० मीटर, आठ पाट्यांचे ३५ सेंटिमीटर मिळून २.८० मीटर आणि मधल्या सात अंतरांचे २.३० मिळून १६.१० मीटर, असे एकूण बरोबर २४ मीटर होतात. ही बेरीज महत्त्वाची आहे, कारण अनेक शाळांमध्ये अजूनही २९ मीटर लांबीच्या जुन्या मैदानाचा तक्ता सापडतो. त्यात मुक्त क्षेत्र २.७५ मीटरचे, मध्यपाटी २३.५० मीटरची, आडव्या पाट्या ३० सेंटिमीटरच्या आणि खांबापासून पहिली पाटी २.५० मीटरवर होती. ते मैदानही आपल्या जागी अचूक जुळत होते, पण दोन्ही तक्त्यांतील आकडे एकत्र आले की काहीच जुळत नाही. नव्या मैदानात आडव्या पाट्या चुकून ३० सेंटिमीटरच्या आखल्या तर शेवटी ४० सेंटिमीटर जागा उरते, आणि पाट्या बरोबर ठेवून खांबापासूनचे अंतर जुने २.५० घेतले तर १० सेंटिमीटर उरतात. शेवटी नेमकी किती जागा उरली हे पाहिले की कोणता आकडा जुन्या तक्त्यातून आला, हे बहुधा लगेच कळते.

साहित्याविषयी थोडेसे

टेप शक्यतो पोलादी आणि ५० मीटरचा घ्यावा. कापडी किंवा फायबरचा टेप ताणला की वाढतो, आणि दोन माणसांच्या हातांचा ताण कधीच सारखा नसतो. टेपचा शून्य कुठे आहे हे आधी पाहावे, कारण काही टेपांत तो कडीच्या बाहेरच्या कडेला असतो, तर काहींत पट्टीवर चार बोटे पुढे छापलेला असतो. याखेरीज न ताणणारी बारीक दोरी, चाळीसएक खुंट्या, हातोडी, पहार, ओळंबा आणि फक्की एवढे साहित्य पुरते. मैदानातील सर्व रेषांची एकूण लांबी ४२२ मीटर भरते, त्यातील २५६ मीटर एकट्या आडव्या पाट्यांच्या असतात, आणि बारीक हाताने मारल्यास मला २५ किलोचे एक पोते साधारण पुरते. ही फक्की पांढऱ्या दगडाची किंवा खडूचीच असावी. कळीचा चुना स्वस्त मिळतो म्हणून वापरणे अतिशय धोक्याचे आहे, कारण ह्या खेळात खेळाडू सूर मारून तोंडावर पडतात आणि ओल्या मातीतला चुना डोळ्यांत व खरचटलेल्या कातडीत जातो.

आणखी एक वस्तू घरीच करून घ्यावी, ती म्हणजे दोन सरळ लाकडी पट्ट्या, एक नेमकी ३० सेंटिमीटरची आणि दुसरी ३५ सेंटिमीटरची. त्यांना वेगवेगळे रंग द्यावेत. उन्हात तीन तास वाकून काम केल्यावर ३० आणि ३५ ह्यांत गल्लत होतेच, पण तांबडी पट्टी आडव्या पाटीची आणि निळी मध्यपाटीची हे डोळा विसरत नाही.

पहिली दोरी आणि काटकोन

जागा शक्य असेल तर उत्तर-दक्षिण लांबीची घ्यावी, म्हणजे सायंकाळच्या सामन्यात एका दिशेने धावणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. कोपऱ्यापासून आखणी सुरू करण्याची सवय पुष्कळांना असते, पण खो-खोच्या मैदानात सुरुवात मधल्या रेषेपासून करावी, कारण ह्या मैदानात सर्वांत महत्त्वाची असते ती मध्यपाटी आणि तिच्या टोकांचे खांब. जागेच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक दोरी घट्ट ताणावी आणि तिच्यावर २४ मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. ह्या खांबरेषांवरच्या खुंट्या होत. त्यांच्या बरोबर मध्ये, १२ मीटरवर, तिसरी खुंटी म ठोकावी. सबंध मैदानाची तपासणी ह्या म खुंटीवरून करायची असल्यामुळे ती शेवटपर्यंत हलता कामा नये.

आता अ येथे काटकोन काढायचा आहे. मैदानाची निम्मी रुंदी ८ मीटर असल्याने ६, ८ आणि १० ह्या बाजूंचा काटकोन त्रिकोण येथे आयता मिळतो. अ पासून ब च्या दिशेने दोरीवर ६ मीटरवर एक तात्पुरती खुंटी ठोकावी. एका माणसाने अ पासून ८ मीटर धरावेत, दुसऱ्याने त्या तात्पुरत्या खुंटीपासून १० मीटर धरावेत, आणि दोन्ही टेप जिथे मिळतात तिथे खुंटी ठोकावी. ती खुंटी एकाच वेळी काटकोनही देते आणि बाजूच्या रेषेवरचा बिंदूही देते. हीच कृती अ च्या दुसऱ्या अंगाला आणि मग ब च्या दोन्ही अंगांना करावी. ह्या टप्प्यावर घाई करू नये, कारण दहा मीटरच्या मापात दोन सेंटिमीटरची ढिलाई राहिली तर बाजूची खुंटी सुमारे सव्वातीन सेंटिमीटर पुढे-मागे सरकते, आणि मग सगळ्या आडव्या पाट्या तिरक्या जातात.

चारही खुंट्या ठोकून झाल्या की एका बाजूच्या दोन खुंट्यांमधले अंतर मोजावे. ते दोन्ही बाजूंना २४ मीटर आले पाहिजे. एक सेंटिमीटरचा फरक मातीच्या मैदानावर चालून जातो, तीन सेंटिमीटरचा चालत नाही. अंतर जुळल्यावर बाजूच्या दोऱ्या दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर पुढे वाढवाव्यात म्हणजे मैदानाचे चार कोपरे मिळतात. कोपरा ते कोपरा कर्ण ३१.३८ मीटर येतो, जो ३० मीटरच्या टेपात मावत नाही, आणि त्यामुळेच अनेक ठिकाणी कर्ण तपासायचाच राहून जातो. पण त्यासाठी मोठा टेप नसला तरी अडत नाही. म पासून प्रत्येक कोपरा १५.६९ मीटरवर असला पाहिजे. चारही मापे सारखी आली तर मैदान काटकोनात आहे. समोरासमोरची दोन मापे जास्त आणि उरलेली दोन कमी आली तर मैदान एका बाजूला ओढले गेले आहे असे समजून अ आणि ब येथील काटकोन पुन्हा काढावेत. कोपऱ्याच्या खुंट्या नुसत्या सरकवून माप जुळवू नये.

आडव्या पाट्या: एकाच शून्यापासून

हा आखणीतला मुख्य भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर आंतरशालेय सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी मला मदतीला बोलावले होते. मुलांनी मन लावून आखणी केली होती. २.५५ मोजायचे, खुंटी ठोकायची, तिथून ३५ सेंटिमीटर, पुन्हा खुंटी, तिथून २.३०, असे ते पुढे पुढे गेले होते. शेवटच्या पाटीपासून खांबरेषेपर्यंत २.५५ ऐवजी २.४० मीटर उरले होते, आणि तो दोष टेपचा आहे असे त्यांना वाटत होते. मी बसून त्यांची प्रत्येक खुंटी पाहिली. प्रत्येक वेळी टेपचा शून्य खुंटीच्या पुढच्या कडेला लावला होता आणि पुढची खुंटी खुणेच्या पलीकडे ठोकली होती. एका खुंटीमागे एक सेंटिमीटर सरकला होता. दोन्ही टोकांचे अंतर सोडून मधली मापे पंधरा असतात, आठ पाट्यांची आणि सात मोकळ्या जागांची, आणि बरोबर पंधरा सेंटिमीटर गेले होते. कोणतेही एक माप चुकीचे म्हणावे असे नव्हते.

ह्यावर उपाय एकच आहे. टेपचा शून्य खांबरेषेवर एकदाच लावायचा, टेप २४ मीटरपर्यंत ताणून जमिनीवर ठेवायचा आणि तो न उचलता सोळाही खुणा त्याच्यावर वाचून करायच्या. त्यासाठी एकत्रित वाचने पुढीलप्रमाणे आहेत, ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मैदानावर न्यावीत:

पहिली पाटी २.५५ ते २.९०
दुसरी पाटी ५.२० ते ५.५५
तिसरी पाटी ७.८५ ते ८.२०
चौथी पाटी १०.५० ते १०.८५
पाचवी पाटी १३.१५ ते १३.५०
सहावी पाटी १५.८० ते १६.१५
सातवी पाटी १८.४५ ते १८.८०
आठवी पाटी २१.१० ते २१.४५

आठव्या पाटीपासून ब च्या खांबरेषेपर्यंत २.५५ मीटर उरतात. मधली म खुंटी चौथ्या पाटीची शेवटची रेषा आणि पाचव्या पाटीची पहिली रेषा ह्यांपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे १.१५ मीटरवर, येते. हीच खूण मधल्या टप्प्यावर तपासणीसाठी उपयोगी पडते.

ही वाचने तीन ठिकाणी घ्यायची असतात, दोन्ही बाजूंच्या रेषांवर आणि मधल्या दोरीवर. बाजूच्या रेषेवर शून्य कोपऱ्याच्या खुंटीला लावण्याची चूक फार वेळा होते. कोपरा खांबरेषेच्या दीड मीटर बाहेर असतो, त्यामुळे शून्य खांबरेषेच्या टोकाच्या खुंटीलाच लावावा. तिन्ही ठिकाणच्या खुणा झाल्या की एका बाजूच्या २.५५ पासून दुसऱ्या बाजूच्या २.५५ पर्यंत दोरी ताणावी. ती मधल्या दोरीवरील २.५५ च्या खुणेवरून गेली तर रेषा मान्य करावी. एखादीच दोरी मधल्या खुणेला चुकत असेल तर खुंटी ठोकताना सरकली आहे. सगळ्याच दोऱ्या एकाच दिशेला सारख्या प्रमाणात चुकत असतील तर एका बाजूचा शून्य चुकला आहे, आणि चूक पहिल्या पाटीपासून आठव्या पाटीपर्यंत वाढत गेली असेल तर कुठला तरी टेप ढिला राहिला आहे.

आडव्या पाटीची रुंदी आणि तिरपेपणा ह्यांत एवढे बारीक का जायचे, असे नव्या कार्यकर्त्याला वाटते. पाठलाग करणाऱ्या खेळाडूचे पाय बसलेल्या गड्याच्या आडव्या पाटीच्या पुढे गेले की त्याला त्या गड्याला खो देता येत नाही. मध्यपाटीपासून सात मीटर दूर बाजूच्या रेषेजवळ वळलेल्या खेळाडूचा निर्णय पंच त्या पाटीच्या रेषेकडे पाहूनच देतो. पाटी टोकाला आठ-दहा सेंटिमीटर तिरकी असली तर एका संघाला एका दिशेने सवलत आणि दुसऱ्या दिशेने फाऊल असा खेळ होतो, आणि त्याबद्दल पंचाला दोष देता येत नाही.

खांब

खांब फक्की मारण्याच्या आधी बसवावेत, नाहीतर खड्ड्याची माती ताज्या रेषांवर पडते. खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, ९ ते १० सेंटिमीटर व्यासाचा, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा आणि गुळगुळीत असावा. वरच्या टोकाला कड किंवा धार राहू देऊ नये. खेळाडू धावत येऊन त्याला हाताचा वेढा घालून वळतात, त्यामुळे वरवर हात फिरवून एकही कूस लागत नाही ना, हे पाहावे. जमिनीत किमान ६० सेंटिमीटर तरी गाडता यावा म्हणून मी लाकूड १.८५ मीटरचे घेतो.

त्याची जागा ठरवताना नेहमी होणारी चूक म्हणजे खांबाचा मध्य खांबरेषेवर ठेवणे. खांब मुक्त क्षेत्राच्या बाजूला, रेषेला नुसता स्पर्श करेल असा उभा करायचा असतो. म्हणजे १० सेंटिमीटरच्या खांबाचा मध्य अ च्या खुंटीपासून ५ सेंटिमीटर बाहेर येतो आणि दोन्ही खांबांच्या आतल्या कडांमध्ये २४ मीटर मिळतात. खड्डा पहारीने खणताना खुंटी उखडतेच, म्हणून खणण्याआधी मधल्या दोरीवर अ च्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरवर साक्षी खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि त्यांवरून नंतर जागा पुन्हा काढावी. खांब उभा केल्यावर ओळंबा दोन दिशांनी लावून पाहावा, आधी मध्यपाटीच्या दिशेने आणि मग खांबरेषेच्या दिशेने. विटांचे तुकडे आणि माती वीतभर थराने घालून, प्रत्येक थर थोडे पाणी मारून धुमसावा. एकदम भरून वरून ठोकलेला खांब पहिल्या डावातच हलू लागतो. पूर्ण भरल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ढकलून पाहावे. वरचे टोक बोटभर जरी हलले तरी पुन्हा धुमसावे.

मध्यपाटी, चौकोन आणि फक्की

मधल्या दोरीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरवर दोऱ्या ताणल्या की मध्यपाटी तयार होते. ती दोन्ही खांबरेषांपाशी थांबते, मुक्त क्षेत्रात जात नाही. प्रत्येक बाजूला बाजूची रेषा आणि मध्यपाटी ह्यांत ७.८५ मीटर राहिले पाहिजेत. तिसऱ्या पाटीचे वाचनही योगायोगाने ७.८५ आहे, त्यामुळे कागदावर ही दोन मापे दूर लिहावीत.

मध्यपाटी आणि आडवी पाटी जिथे छेदतात तिथे बसणाऱ्या गड्याची जागा होते. बोलताना सगळे तिला चौरस म्हणतात, पण नव्या मापांत ती ३० बाय ३५ सेंटिमीटरची आयताकृती आहे. आपल्या लाकडी पट्ट्या ठेवून हे आठही चौकोन एकेक करून तपासावेत आणि तिथली माती बोटांनी चाचपावी. गडी अर्धवट उठलेल्या स्थितीत बसतो आणि खो मिळताच तिथूनच जोर देतो. हरभऱ्याएवढा खडासुद्धा तळव्याला किंवा गुडघ्याला लागतो.

फक्की मारताना दोरीच्या कोणत्या बाजूला मारायची हे एकदा ठरवून सबंध मैदानात तेच पाळावे. माझी रीत अशी आहे की दोरी नेहमी मापाच्या बाहेरच्या कडेवर असते आणि फक्की तिच्या आतल्या बाजूला पडते. म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या पाटीची दोन्ही बाजूंची फक्की त्या ३५ च्या आतच येते आणि १६ मीटरच्या रुंदीची फक्की १६ मीटरच्या आत. असे न करता एक रेषा दोरीच्या आत आणि दुसरी बाहेर मारली तर तीन सेंटिमीटर जाडीच्या रेषेने पाटी तेवढ्याने रुंद होते. रेषा दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड करू नये. जाड रेषा लांबून छान दिसते, पण ३० सेंटिमीटरच्या पाटीत दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर फक्की गेली की पाय पाटीत होता की बाहेर हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही.

फक्कीच्या आधी मैदानावर हलके पाणी शिंपडून तासभर थांबावे. कोरड्या धुळीवर मारलेली फक्की पहिल्या सूराबरोबर उडते आणि ओल्या चिखलावर मारलेली करडी पडते. आधी आडव्या पाट्या, मग मध्यपाटी, मग खांबरेषा आणि शेवटी बाहेरची चौकट, असे आतून बाहेर येत जावे, म्हणजे आखणारे पाय मारलेल्या रेषांवर पडत नाहीत.

मैदान पूर्ण झाल्यावर सर्व खुंट्या काढाव्यात, एकही जमिनीत ठेवू नये. मात्र खुंटी काढल्यावर राहिलेले भोक बुजवण्याआधी त्यात चिमूटभर फक्की दाबून भरावी आणि वर माती सारखी करावी. पहिल्या डावानंतर चौथ्या-पाचव्या पाटीजवळच्या रेषा पुसल्या जातात. तेव्हा वरची माती बोटाने बाजूला केली की पांढरा ठिपका सापडतो, आणि टेप न काढता दोन ठिपक्यांवर दोरी ताणून दोन डावांच्या मधल्या वेळात रेषा पुन्हा मारता येते.